दाईच्या ओळीखाली अर्थ नको, उत्तर लिहा

प्रश्न: आमच्या घरी छत्तीसगढी बोलतात, आईवडील राजनांदगावकडून नागपूरला आले, आम्ही पारडीला राहतो. मी कळमना मार्केटला संत्र्याच्या अडतीवर पट्ट्या लिहिते, तिथं शेतकऱ्यांशी दिवसभर मराठी. कविता लिहिते तर दोन्ही भाषा येतात. छत्तीसगढी ओळीखाली मराठी अर्थ दिला तर कविता मेल्यासारखी वाटते, नाही दिला तर लोक म्हणतात समजलं नाही. काय करू? कविता अशी आहे:

दाई पूछथे, कब आबे नोनी?
आई विचारते, कधी येशील पोरी?
मी काट्याजवळ उभी, संत्र्यांचे भाव लिहिते.
अब्बड़ घाम हे, घर आ जा.
खूप ऊन आहे, घरी ये.

उत्तर:

आधी हे पाहा की तुमच्या कवितेत पाच ओळी आहेत पण घडतंय तिनातच, दुसरी आणि पाचवी ओळ फक्त मागं वळून पाहतात. वाचणाऱ्याला एकदा कळलं की प्रत्येक छत्तीसगढी ओळीखाली मराठी येणारच आहे, की तो छत्तीसगढी वाचणं सोडतो, डोळा सरळ खालच्या ओळीवर जातो. म्हणजे तुमच्या दाईचं बोलणं पानावर असूनही कोणी ऐकत नाही. तुम्हाला मेल्यासारखं वाटतं ते याच्यामुळं.

पण अर्थ नुसता काढून टाकला की काम होत नाही, लोक 'समजलं नाही' म्हणतात ते खोटं नाही म्हणत. अर्थाची जागा रिकामी सोडायची नाही, तिथं दुसऱ्या भाषेतलं उत्तर बसवायचं. उत्तर म्हणजे कोणाचंतरी बोलणं, काहीतरी काम, एखादी अडचण, जे वरच्या ओळीवर टेकून उभं आहे. वाचणारा खालच्या ओळीवरून वरची ओळ ओळखतो, आणि स्वतः ओळखलेली ओळ लक्षात राहते.

ही काही नवी युक्ती नाही. संत एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद पाहा, सोळाव्या शतकातला. त्यात तुर्क दखनी हिंदीत बोलतो आणि हिंदू मराठीत, दोघं भांडतात, आणि मधे कोणी दुभाषी उभा नाही. एकाचं ज्याला कळलं नाही त्याला दुसऱ्याच्या चिडण्यावरून कळतं. आणि तुमच्या घरातलंच उदाहरण म्हणजे ददरिया, छत्तीसगढी लोकगीतं, तुमच्या दाईला येत असतील, विचारून पाहा. ददरियात बऱ्याचदा पहिली ओळ दुसरीचा अर्थ सांगत नाही, नुसती यमक धरून शेजारी बसते आणि संबंध ऐकणारा लावतो. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही हे खूप आहे. म्हणजे दोन ओळींनी एकमेकींना समजावून न सांगता शेजारी बसायचं, हे दोन्हीकडच्या बायकांना आधीपासून येतं.

आता तुमची कविता घेऊ, मी काय काय केलं असतं ते सांगतो. तुम्हाला पटेल तेवढं घ्या.

पहिल्यांदा 'दाई पूछथे' काढा. कोण विचारतंय हे सांगायची जबाबदारी शीर्षकावर टाका, 'कळमन्यात फोन' किंवा असंच काहीतरी. शीर्षकानं जागा आणि फोन दिला की वाचणाऱ्याकडं अर्धा नकाशा आला, मग पहिलीच ओळ छत्तीसगढीत आली तरी तो बिचकत नाही, त्याला कळतं की फोनवर घरचं माणूस आहे. दोन भाषांच्या कवितेत शीर्षक नेहमी जास्तीत जास्त वाचकांच्या भाषेत ठेवावं असं माझं मत आहे, आणि जागा, माणूस, वेळ असल्या कोरड्या गोष्टी तिथंच उरकून टाकाव्या.

मग 'कब आबे'. ही ओळ नागपुरात वाचली की हमखास हसू येणार. इथल्या कानाला 'आबे' म्हणजे 'अबे', काय बे, कुठं चाल्ला बे वालं. छत्तीसगढीत ते साधं भविष्यकाळाचं रूप आहे, तू येशील, त्यात उद्धटपणा काही नाही, पण हॉलमधल्या लोकांना ते कसं माहीत असणार. टीप द्यायची गरज नाही, अशा वेळी तेच रूप लागोपाठ दोनदा आणायचं. 'भात कब खाबे, कब आबे नोनी?' खाबे, आबे, दोन क्रियापदं एकाच शेपटीची शेजारी आली की कान आपोआप समजतो की हे शेवटचं 'बे' शिवी नाही, व्याकरण आहे. वाचणाऱ्याला तुमच्या भाषेचं व्याकरण असं जोडीनं शिकवता येतं, न सांगता. आणि 'भात' तर सगळ्यांनाच कळतो, त्या एका शब्दावर सगळी ओळ उघडते.

आणि तो 'अबे' आपल्याकडं आहेच तर वापरा ना. मार्केटमधे सकाळपासून दुपारपर्यंत तुमच्या कानावर किती वेळा 'अबे सरक' पडत असेल. हमालाची एक ओळ मधे टाका, मग दाईचं दीर्घ आ असलेलं आबे आणि हमालाचं ऱ्हस्व अबे दोन्ही एका पानावर येतील आणि फरक तुम्हाला सांगावा लागणार नाही.

आता तुमची तिसरी ओळ. 'मी काट्याजवळ उभी, संत्र्यांचे भाव लिहिते.' ही ओळ मला सगळ्यात जास्त खटकली आणि ती तर मराठीत आहे! कळमन्यात असं कोणी बोलतं का? तुम्ही घरची भाषा जशी बोलतात तशी लिहिली आणि कामाची भाषा शाळेच्या पुस्तकातली लिहिली. यानं काय होतं की छत्तीसगढी एकदम गावठी आणि बिचारी दिसायला लागते आणि मराठी साहेबीण होते, तुमच्या मनात नसतानाही. दोन्ही भाषा सारख्याच बोलीतल्या पाहिजेत. मार्केटमधे 'येऊन राह्यलं', 'देऊन राह्यलो' चालतं तर तेच लिहा. त्याहून चांगलं म्हणजे तुमच्या हातात असलेला कागद वापरा. पट्टीवर तुम्ही काय लिहिता? शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, वजन, भाव, मग हमाली वजा, तोलाई वजा, आणि खाली हातात येणारी रक्कम. ही तुमची खरी कामाची मराठी आहे, तोडून तोडून, क्रियापद नसलेली. 'मी पट्टी लिहिते' असं सांगू नका, पट्टीच लिहा. मग 'मी', 'उभी', 'लिहिते' हे सगळं आपोआप उडतं.

चौथी ओळ 'अब्बड़ घाम हे'. इथं तुमचं नशीब जोरावर आहे. तुमच्याकडं घाम म्हणजे ऊन, मराठीत घाम म्हणजे घाम. मराठी वाचणारा ही ओळ चुकीची वाचणार, त्याला वाटणार खूप घाम आलाय. वाटू द्या. उन्हात उभ्या पोरीबद्दल बोलणं चाललंय, घाम वाचला काय आणि ऊन वाचलं काय, दोन्ही वाचक एकाच जागी पोचतात. तुम्ही खाली 'खूप ऊन आहे' लिहून त्यातला एक रस्ता बंद केला. असे सारखे दिसणारे पण वेगळ्या अर्थाचे शब्द छत्तीसगढी-मराठीत सापडत राहतील, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, चुकीचा अर्थ घेतला तर ओळ बिघडते का? 'आबे'ला बिघडत होती म्हणून जोडी लावली. 'घाम'ला बिघडत नाही म्हणून हात लावायचा नाही. 'घर आ जा' मात्र काढा, ती ओळ तशीही हिंदीसारखी झालीय आणि 'कब आबे' मधे ते येऊन गेलंय.

एवढं केल्यावर एक धोका उरतो, आणि तो अशा कवितांत मी सगळ्यात जास्त पाहतो. घरची भाषा म्हणजे माया आणि कामाची भाषा म्हणजे रुक्ष, अशी वाटणी करून टाकतात लोक. एकदा वाटणी कळली की पुढची प्रत्येक ओळ भाषा पाहूनच ओळखू येते. खरं आयुष्य तसं नसतं, घरी पैशाचं बोलणं होतं, कटकट होते, आणि मार्केटमधे कोणी अनोळखी माणूस एकदम जीव लावून जातो. म्हणून दाईला पैशाचं विचारू द्या, 'पइसा मिलिस?', आणि काटोलच्या शेतकऱ्याला दोन संत्रे देऊ द्या. मी केलं असतं तर असं झालं असतं:

कळमन्यात फोन

भात कब खाबे, कब आबे नोनी?
गाव काटोल, माल मोठा, डागी कमी.
अबे सरक ना बे, क्रेट येऊन राह्यले.
अब्बड़ घाम हे.
वजा हमाली, वजा तोलाई.
पइसा मिलिस?
आवत हंव दाई.
पट्टी द्या ताई, अन् हे दोन संत्रे घरी न्या.

ही माझी आहे, तुमची तुम्ही करा, पण यात काय चाललंय ते बघा. 'पइसा मिलिस?' याच्याआधी दोन गोष्टी वजा होऊन गेल्यात, त्यामुळं 'मिलिस' हे रूप कोणाला माहीत नसलं तरी प्रश्न कशाचा आहे हे कळतं. आणि पोरगी त्याचं उत्तर देत नाही, ती म्हणते येते आई. पैसे मिळाले की नाही हे छत्तीसगढी येणाऱ्यालाही कळत नाही आणि न येणाऱ्यालाही नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण कवितेतली खरी लपलेली गोष्ट भाषेमुळं लपलेली नसावी, ती दोन्ही वाचकांपासून सारखीच लपलेली असावी. जी गोष्ट फक्त भाषा न आल्यामुळं निसटते, म्हणजे समजा बाप वारला ही बातमी, ती एकाच छत्तीसगढी ओळीत ठेवून पुढं निघून गेलात तर ते रहस्य होत नाही, अर्ध्या वाचकांवर अन्याय होतो. तसली बातमी असेल तर तिचं उत्तर मराठी ओळीत ठळक यायलाच पाहिजे, कोणी सुट्टी मागतंय, कोणी गाडीची वेळ विचारतंय, इतवारी स्टेशनवरून कोणती गाडी, असं काहीतरी.

यमकाकडंही बघा. तोलाई, दाई, ताई. दोन मराठीतले आणि एक तुमच्या घरचा. दोन भाषांना जोडायचं अर्ध्याहून जास्त काम आवाज करतो. उलट भाषा बदलली हे दाखवायलाही आवाजच कामी येतो, तुमच्या छत्तीसगढीत ण नाही, ळ नाही, श चा स होतो, पाणी तिथं पानी आहे. लिपी एकच असल्यामुळं पानावर भाषा बदललेली दिसत नाही, म्हणून ज्या मराठी ओळीत ण, ळ असेल ती छत्तीसगढी ओळीला लागून ठेवली की कानाला सांधा लगेच कळतो. मी वर दिलेल्या कवितेत हे कमीच आहे खरं तर, तुम्ही छाटणीचा माल आणला तर 'छाटणी' हा शब्द चांगला आहे त्याला.

आणि छाटणीवरून आठवलं. तुम्ही घरी दाईशी बोलताना मार्केटचे शब्द वापरत असाल ना, ते नीट ऐका. बहुतेक 'छाटनी म बइठे रहेंव' असं निघत असेल, म्हणजे शब्द मराठी पण ण चा न झालेला आणि मागं छत्तीसगढी 'म'. कामाचा शब्द घरात असा कपडे बदलून येतो. तो लिहिताना 'छाटनी'च लिहा. घरचे शब्द मात्र मार्केटमधे फारसे जात नाहीत, शेतकऱ्यासमोर तुम्ही 'अब्बड़' म्हणत नाही. हे उलटसुलट करू नका, कवितेत सजावट म्हणून मार्केटच्या ओळीत छत्तीसगढी शब्द पेरला की खोटा वाजतो.

ओळीच्या आत भाषा बदलायची असेल तर माझा एक साधा नियम आहे, क्रियापद ज्या भाषेचं, शब्दांना लागणारे प्रत्ययही त्याच भाषेचे. 'बजार म आबे' चालेल, 'बाजारात ये' चालेल, 'बाजारात आबे' हे टेबलावर बसून बनवल्यासारखं वाटतं. आता तुमची लहान भावंडं खरंच तसं बोलत असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते त्या पोराच्या तोंडी द्या, तुमच्या निवेदनात नको. नवीन लिहिणाऱ्यांनी तरी ओळीच्या शेवटी भाषा बदलावी, मधे नको, ते जास्त सोपं आहे आणि जास्त स्वच्छ ऐकू येतं.

अजून एक गोष्ट तुमच्या हाताशी आहे आणि ती बहुतेक तुमच्या लक्षात आली नसेल कारण तुम्ही दोन्हीत जन्मापासून आहात. मराठीत 'मी आले' म्हटलं की बाई आहे हे लगेच कळतं, 'आलो' म्हटलं की पुरुष. छत्तीसगढीत 'आवत हंव' बाईही म्हणते आणि बाप्याही म्हणतो. म्हणजे घरच्या भाषेत बोलताना तुम्ही फक्त तुम्ही असता, आणि मराठी क्रियापद आलं की पहिल्याच ओळीत बाई म्हणून नोंद होते. तुमच्या जुन्या कवितेत 'उभी' नं ते तिसऱ्या ओळीत सांगून टाकलं होतं. पहिल्या ओळीतून 'नोनी' काढून पाहा, मग कविता बोलणारी कोण आहे हे शेवटच्या 'ताई' पर्यंत कोणाला कळणार नाही, शेतकऱ्यानं हाक मारल्यावरच कळेल. मला नोनी ठेवलेलं बरं वाटतं, हाक तशीच असते, पण बाईपणाबद्दलच कविता असेल तर ही वाट फार उपयोगी आहे.

कविता झाली की तपासायची कशी. हातानं सगळ्या छत्तीसगढी ओळी झाका आणि उरलेलं वाचा. उरलेल्या मराठीत कविता पूर्ण लागत असेल, काही कमी वाटत नसेल, तर झाकलेल्या ओळी शोभेच्या आहेत, त्यांना काम द्या नाहीतर काढा. मग उलटं करा, मराठी झाका. वरच्या कवितेत छत्तीसगढी झाकली तर मार्केटमधला एक साधा व्यवहार उरतो, कोणी फोनवर आहे हे शीर्षकाशिवाय कळत नाही. मराठी झाकली तर फक्त एक काळजी करणारी आई उरते, पोरगी कुठं आहे हे माहीत नाही. दोन्ही बाजूंनी अपुरं आहे, म्हणजे बरोबर.

मग दोन माणसांना मोठ्यानं वाचून दाखवा, एक घरचं आणि एक मार्केटचं ज्याला छत्तीसगढी येत नाही. पण 'समजलं का' असं विचारू नका, त्यावर सगळे 'हव हव' म्हणतात. विचारा की फोनवर कोण आहे, तिला काय पाहिजे, आणि पोरगी काय लपवते. मार्केटच्या माणसानं तीनपैकी दोन सांगितलं तर ओळी पोचल्या. तो एखाद्या शब्दाला अडला आणि बाकी सगळं बरोबर सांगितलं तर त्या शब्दाची चिंता सोडा, 'अब्बड़' कोणाला कळला नाही म्हणून कविता पडत नाही. पण कोण बोलतंय हेच चुकलं, दाईची ओळ हमालाची वाटली, तर ओळींचा क्रम बदला, शब्द नका बदलू. घरच्या माणसाला उलटं विचारा, असं आपण खरंच बोलतो का. दाई हसली आणि म्हणाली कोण बोलतं गं असं, तर तिचं ऐका, तिथं माझं पण नका ऐकू, वर मी जी छत्तीसगढी लिहिली ती पण तिला वाचून दाखवा, राजनांदगावची बोली आणि बिलासपूरकडची यांत रूपं बदलतात, 'हंव' च्या जागी तुमच्याकडं 'हौं' म्हणत असतील.

वाचनाच्या वेळी सुरुवातीला अर्थ सांगत बसू नका. लोकांना सवय असते, 'आता मी एक कविता वाचते, यात दाई म्हणजे आई' वगैरे. फार तर एवढं सांगा की मी कळमन्यात पट्ट्या लिहिते. दाईच्या ओळी फोनवर बोलल्यासारख्या थोड्या वेगळ्या आवाजात वाचा, पट्टीच्या ओळी पट्टी वाचल्यासारख्या भराभर. आवाजानंच बरंच निभतं. एखादा म्हणेलच की मराठीच्या मंचावर छत्तीसगढी कशाला, त्याच्याशी वाद घालायचा की नाही तुम्ही ठरवा, पण 1956 पर्यंत रायपूर-दुर्गची राजधानी हेच नागपूर होतं, तुमच्या आजोबांच्या वेळी ही भाषा या शहराला काही परकी नव्हती.

छापायला देताना मात्र जरा सांभाळून. छत्तीसगढी ओळी तिरप्या किंवा जाड टाइपात छापू देऊ नका, त्यानं त्या पाहुण्या दिसतात. तळटीपांचा आग्रह झाला तर शब्दार्थांऐवजी एक वाक्य द्या, कवितेत आई छत्तीसगढीत बोलते, एवढंच. आणि मुद्रितशोधनाचं मुद्दाम सांगून ठेवा, कारण तपासणारा चांगल्या मनानंच 'पइसा'चं पैसा करतो, 'छाटनी'चं छाटणी, 'आबे'चं अबे, आणि 'राह्यले'चं राहिले. कवितेच्या वर पेन्सिलीनं लिहून द्या की शुद्धलेखन आहे तसंच ठेवावं, आणि प्रूफ मागून घ्या, फोनवर फोटो मागवला तरी चालतो.

दुसरी कविता लिहाल तेव्हा फोनची युक्ती परत वापरू नका, आई फोनवर आणि मी कामावर हा साचा लवकर तयार होतो. घरी बसून मार्केटचा हिशोब करणं चाललंय, किंवा अडतीवर अचानक एखादा छत्तीसगढचा हमाल तुमच्याशी घरच्या भाषेत बोलला आणि शेठ समोर उभा आहे, तुम्ही उत्तर कोणत्या भाषेत देता? ते लिहून पाहा.